भिंतीएवढे मालक

आमच्या घरात मालकांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, एकच फोटो टांगलेला आहे, चंदनाचा हार घातलेला. कुठल्याशा सरकारी कामासाठी काढलेला होता, त्यामुळे फोटोग्राफरनं सातबारा मागितल्यासारखे मालक त्यात बघतात. ओठ मिटलेले, डोळे मोठे, केस पाणी लावून चापून बसवलेले. रोज सकाळी मी त्या फोटोला उदबत्ती ओवाळते आणि रोज मनात म्हणते, हा माणूस आपल्या ओळखीचा नव्हे.

माझ्या ओळखीचे मालक एकदा भिंतीवर आले होते. भिंतीएवढे. म्हशीसकट. आणि तेही माझ्याच वर्गात. सगळ्या मुलींनी पाहिले, खुद्द मालकांनीही पाहिले. पाहिले नाहीत ते मी एकटीनं. मी तिथंच होते, त्यांच्याकडं पाठ करून, हातात छडी घेऊन, जगातली सगळ्यात हुशार बाई असल्यासारखी.

त्या बाईची ओळख करून द्यायला हवी. तरुणपणीची मी म्हणजे पन्नाशीला टेकलेली मी. हसू नका. सत्तरी ओलांडली की पन्नाशीची बाई परकरी पोरच वाटते, आणि अक्कलही तेवढीच असते. कोल्हापुरात मुलींच्या हायस्कुलात मी भूगोल शिकवत होते. संगणकाचा एक कोर्स केला होता आणि त्याचं प्रमाणपत्र प्लॅस्टिकमध्ये घालून स्टाफरूममधल्या माझ्या कपाटाला आतून चिकटवलं होतं. आतून अशासाठी, की मिरवते असं कुणी म्हणू नये. आणि कपाट दिवसभर उघडं ठेवायची, ते मात्र कुणी बघितल्याशिवाय राहू नये म्हणून.

आमचं गाव पन्हाळ्याच्या वाटेवर. मालकांची शेती आणि म्हशी. रोज सकाळी ते मोटारसायकलला कॅन बांधून शहरात दूध घालायला यायचे, माझ्या शाळेच्या फाटकावरून जायचे आणि हॉर्न वाजवायचे. आत मात्र इतक्या वर्षांत एकदाही आले नाहीत. मी म्हणायची, "अहो, एकदा या की बघायला मी कशी शिकवते."

"तुझ्या राज्यात माझं काय काम? शेणाचा वास येतोय अंगाला."

"मुलींना काही होत नाही वासानं."

"मुलींचं न्हवं, तुझं म्हणतोय मी."

असा तो विषय तिथंच बुडायचा. पण मला ते मनापासून हवं होतं. संध्याकाळी ते धारा काढायला बसले की मी गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून दिवसभर काय शिकवलं ते सांगायची. मालकांची शाळा सातवीत सुटली होती. ते कासेतून नजर न काढता ऐकायचे आणि मधेच असा प्रश्न टाकायचे की माझा धडा तिथंच अडायचा. "मला एक सांग, समुद्र आपल्या मावळतीला, कोकणात उतरलं की आला. मग आपली नदी त्येला पाठ दाखवून उगवतीला का जातीया? जवळचं सोडून लांब जायाचं खूळ का तिला?" मी सह्याद्री सांगायची, उतार सांगायची, जलविभाजक असा भारी शब्द वापरायची. ते म्हणायचे, "व्हय की." त्या 'व्हय की'चा अर्थ 'काही कळलं नाही, पण तुला वाईट वाटू नये' असा असतो, हे कोल्हापुरात लग्न झालेल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं.

मग शाळेत प्रोजेक्टर आला.

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, तो कुलुपात ठेवला होता. त्याच्या दिव्याचा त्यांना भारी घोर. दिवा गेला की नवा कोण आणणार? म्हणून त्यांचा हुकूम होता, की तास संपल्याची घंटा झाली की त्याच क्षणी वर्गप्रतिनिधीनं भिंगावर झाकण घालायचं आणि बटण दाबून तो बंद करायचा. बाई शिकवत असल्या तरी. देव आला तरी.

प्रोजेक्टरबरोबर आलेली वायर आधीच कुणीतरी वाकडी घुसवून खराब केली होती. तिच्या तोंडात तीन ओळींत बारीक पिना असतात, त्यातली एक वाकली की एखादा रंगच जातो. आमचा निळा गेला होता. अरबी समुद्र पार हिरवळ होऊन बसायचा. भूगोलाच्या बाईला हे कसं चालावं? मी आपली स्वतःची वायर आणली. दोन्ही टोकांना निळं तोंड आणि दोन्ही बाजूंना हातानं पिळायचे स्क्रू. मुलानं मला घेऊन दिलेल्या लॅपटॉपला तेवढं एकच निळं भोक होतं, त्यामुळे चुकायला वावच नव्हता. पण मी दर वेळी जोडताना असा चेहरा करायची की जणू ऑपरेशन चाललंय.

मोठ्या बाईंच्या हातापाया पडून एका शनिवारी मी प्रोजेक्टर घरी नेला. सोमवारी आठवीला सह्याद्रीचा धडा घ्यायचा होता आणि मला तालीम करायची होती. मालकांनी गोठ्याची भिंत चुन्यानं रंगवून दिली. त्या भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा पडला तेव्हा म्हशींनी रवंथ थांबवला. मी नकाशाकडं न बघता छडी कुठं ठेवायची याचा सराव केला. कारण एका प्रशिक्षणात ऐकलं होतं, की चांगला शिक्षक वर्गाकडं पाठ करत नाही. जन्मभर फळ्यावर लिहिताना मुलींकडं पाठ केली होती. आता लॅपटॉपवर जे दिसतं तेच भिंतीवर दिसणार, मग वळायचं कशाला? लॅपटॉपकडं बघायचं, मुलींकडं बघायचं आणि छडी मागं.

रविवारी मुलगा पुण्याहून आला. बापासारखाच उद्योगी. त्यानं भिंतीवर क्रिकेट लावलं आणि लॅपटॉपवर आपलं ऑफिसचं काम करत बसला.

"हे कसं रे? दोन्हीकडं वेगवेगळं?"

"आई, दोन पडदे जोडून एक लांब पडदा केलाय. तुझ्या त्या नकाशाच्या वेळी दोन्हीकडं एकच दिसत होतं. ते आरशासारखं. हे म्हणजे घराला आणखी एक खोली काढल्यासारखं. माउस उजवीकडं ढकलला की भिंतीवर जातो."

"कळलं कळलं," म्हणाले मी. पन्नाशीतल्या मला सगळंच कळायचं. मग त्यानं बापाचा एक फोटो मोबाइलमधून घेऊन लॅपटॉपच्या पडद्यावर मागच्या बाजूला लावून दिला. म्हैस डोहातून निघून चढावर चाललीय, मालकांनी तिच्या पाठीवर हात टाकलाय आणि ते मान वळवून हसतायत. मुलानं बांधावर चढून वरून काढला होता. म्हशीची ओली पाठ शेपटापासून शिंगांपर्यंत सरळ रेघेसारखी वर गेली होती आणि पाणी दोन्ही बाजूंनी निथळत होतं. "रोज लॅपटॉप उघडलास की पप्पा दिसतील," मुलगा म्हणाला. मी म्हणाले, "रोज बघतेच आहे की."

सोमवारी प्रोजेक्टर घेऊन ऐटीत शाळेत गेले आणि पहिल्या तासाला पिशवी उघडली तर वायर नाही. ती गोठ्यात खुंटीला, दाव्याशेजारी लटकत राहिली होती. आठवीचा तास मधल्या सुटीनंतर होता. मी घरी फोन लावला.

"अहो, माझी वायर राहिली."

"कसली?"

"निळ्या तोंडाची. खुंटीवर बघा."

"खुंटीवर धा वायरी हाईत."

"अहो, निळं तोंड! स्क्रू आहेत दोन बाजूला!"

"बरं बरं, वरडू नगंस. आणतो."

सुटी संपत आली तेव्हा मालक फाटकाशी उभे. शिपायानं पिशवी घ्यायला हात पुढं केला तर देईनात. "काय नाजूक बिजूक आसंल तर? मीच देतो तिच्या हातात." आणि माझ्या संसारात पहिल्यांदा ते शाळेच्या फाटकातून आत आले. अंगात धुतलेला सदरा, केस ओले. म्हणजे घरी आंघोळ करून आले होते. वायर द्यायला आंघोळ कोण करतं? हे मला तेव्हा सुचलं नाही. त्या बाईला महत्त्वाचं कधीच वेळेवर सुचलं नाही.

पिशवी टेबलावर उलटी केली. मिक्सरची वायर, जुन्या टीव्हीची लाल-पिवळी-पांढरी शेंडी, तीन मोबाइलांचे चार्जर, रेडिओची एरियल आणि गुंत्याच्या तळाशी माझी निळी.

"त्यातली तुझी कुठली मला काय म्हाईत? म्हटलं, समद्याच न्याव्या."

मुली फिदीफिदी हसल्या. मी डोळे मोठे केले. मग मालकांकडं वळून, खालच्या आवाजात, "आलाच आहात तर बसा की मागं."

मला वाटलं नाहीच म्हणतील. ते म्हणाले, "बसू?" आणि शेवटच्या बाकावर, गुडघे बाकाला अडत होते तरी, अंग चोरून बसले.

इन्स्पेक्शनला सुद्धा मी कधी इतकी गडबडले नव्हते. मी ऑपरेशनचा चेहरा केला. वायरचं एक टोक प्रोजेक्टरला, एक लॅपटॉपला, स्क्रू पिळले. प्रोजेक्टर सुरू. दिवा तापेपर्यंत थांबले. लॅपटॉपवर धडा उघडला, पडदाभर नकाशा. मागं भिंतीवर उजेड पडला आणि मुलींच्या तोंडून "अय्या!" आलं. मी मनात म्हटलं, बघा म्हणावं, असा नकाशा कधी पाहिला होता का? लांबचा चष्मा मी शाळेत घालत नव्हते. त्यानं वय दिसतं असं मला वाटायचं. डोळ्याच्या कोपऱ्यातून मागं काहीतरी हिरवं हिरवं दिसलं, ते मी महाराष्ट्र समजले.

खरं काय झालं होतं, ते आता कुणीही सांगेल. लॅपटॉपनं तो प्रोजेक्टर ओळखला आणि रविवारी मुलानं जे करून ठेवलं होतं तेच पुन्हा केलं. खोली वाढवली. माझा नकाशा लॅपटॉपवर राहिला आणि नव्या खोलीत काहीच ठेवलेलं नसल्यानं तिथं नुसता मागचा फोटो. वर्गाच्या पांढऱ्या भिंतीवर, जमिनीपासून पंख्यापर्यंत, मालक आणि म्हैस.

आणि मी शिकवायला लागले.

"मुलींनो, हा सह्याद्री," म्हणत मागं न बघता छडी ठेवली, ती म्हशीच्या कण्यावर. शिंगांपासून शेपटापर्यंत सरकवत नेली. "उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत कसा सलग आहे बघा. याच्या या बाजूला कोकण. उतार उभा, पाणी धावत समुद्राला जातं. आणि या बाजूला," छडी म्हशीच्या उजव्या बरगडीवरून हळूहळू खाली, "या बाजूला आपण. आणि हे..." टोकानं दोनदा टकटक केलं, मालकांच्या पोटावर, "हे आपलं कोल्हापूर."

वर्गात हूं नाही की चूं नाही. मला वाटलं, तल्लीन झाल्यात. शेवटच्या बाकावर मालक तोंडावर रुमाल धरून बसले होते. मला वाटलं, गहिवरले.

"आता सांगा, इथं वर पाऊस पडला तर पाणी कुठं जाईल?"

पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली. फार भीड असलेली, कधी हात वर न करणारी. भिंतीकडं बघत म्हणाली, "बाई, दोन्हीकडं. मधे कणा आहे ना, म्हणून निम्मं इकडून आणि निम्मं तिकडून निथळणार."

कणा! निथळणार! पाठ्यपुस्तकात नसलेले शब्द. मी हरखलेच. "शाब्बास! मग समुद्र जवळ असून आपली नदी तिकडं का जात नाही?"

"आपण कण्याच्या ह्या अंगाला आहोत, बाई. तिला कणा चढून कसं जाता येईल?"

मी शेवटच्या बाकाकडं पाहिलं. मालकांनी रुमाल खाली घेतला होता. ते भिंतीकडं नाही, माझ्याकडं बघत होते.

मग घंटा झाली आणि मोठ्या बाईंच्या हुकमाप्रमाणे वर्गप्रतिनिधीनं पटकन भिंगावर झाकण घातलं.

पोरी पुस्तकं आवरत असताना ती भिडस्त मुलगी पुन्हा उठली. "बाई, म्हैस मुऱ्हा आहे की पंढरपुरी?"

"कुठली म्हैस?"

शेवटच्या बाकावरून खणखणीत आवाज आला, "मुरा हाय, पोरी! दुसऱ्या वेताची!"

वर्ग फुटला. मुली बाकांवर डोकी टेकून हसल्या. मी गर्रकन वळले. भिंत काळोखी. एक ठिपकासुद्धा नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी काय केलं असेल? पहिल्यांदा मुलाला फोन करून झापलं. मग मालकांचा फोटो पडद्यावरून काढून तिथं ट्यूलिपची फुलं लावली. परदेशी फुलं, माझ्या प्रमाणपत्राला शोभतील अशी. मालक धारा काढता काढता म्हणाले, "ऱ्हाऊ दे की. बरा दिसत हुतो म्हनं."

"माझी शोभा झाली सगळ्या शाळेत!"

"शोभा कसली? मला आज कळलं की, नदी तिकडं का जाती. इतकी वर्सं जलबिल कायतरी सांगत हुतीस. म्हशीची पाठ म्हणली असतीस तर कवाच कळलं असतं." मग बादली जरा सरकवून म्हणाले, "तू तिथं येगळीच आसतीस."

"वेगळी म्हणजे?"

"घरातल्यावानी वरडत न्हाईस. हासतीस तिथं."

मी काहीतरी फटकन बोलले असेन. काय ते आठवत नाही. त्यांचं मात्र आठवतं. "आणि एकदा लाव की तसं. ह्या टायमाला मी पुढच्या बाकावर बसतो." पुढेही एकदोनदा म्हणाले. मी म्हटलं, बघू. प्रोजेक्टर कुलुपात, मी कामात, मग निवृत्ती, मग त्यांचं दुखणं. 'बघू' हा शब्द आम्ही असा वापरतो जणू पुढं काळ पोत्यांनी भरून ठेवलाय.

मालक गेल्यावर कितीदा तरी तो लॅपटॉप उघडला. फोटो त्यात होताच, ट्यूलिप काढून तो पुन्हा मागं लावला. पण तळहाताएवढ्या पडद्यावरचे मालक आणि भिंतीवरचे मालक यात फरक असतो. वर्गभर मुलींनी बघितलेलं ते चित्र मला त्यांच्या डोळ्यांतून काढून घ्यावंसं वाटायचं. कुणी जुनी विद्यार्थिनी भेटली की म्हणायची, "बाई, ती म्हैस!" आणि हसायची. मीही हसायची, आणि आतून जळायची.

यंदा पावसाळ्याच्या तोंडाला शाळेतून फोन आला. आताच्या मुख्याध्यापिका म्हणजे तीच भिडस्त मुलगी. भीड आता नावालाही उरलेली नाही. "बाई, आठवीला सह्याद्री आहे. येऊन एक तास घ्या. म्हशीचा."

"फोटो तुला पाठवते. तूच घे."

"मी घेतला तर ते मालक नुसता फोटो होतील. तुम्ही घ्या."

नात बारावीला आहे. ती म्हणाली, "आज्जी, माझा लॅपटॉप ने. फोटो पेनड्राइव्हवर टाकू."

"तोच लॅपटॉप न्यायचा."

"अगं, त्याला एचडीएमआय नाही. शाळेत आता छताला प्रोजेक्टर असतो आणि खाली एचडीएमआयची वायर लोंबत असते. तुझी ती निळी कुठं लावणार? कानात?"

जीभ कुणाची घेतलीय ते सांगायला नको. मी एकटीच शहरात गेले. दुकानदाराला सांगितलं, ह्यातून त्यात जायचं मधलं तोंड दे. त्यानं विचारलं, "आज्जी, लॅपटॉपला कुठलं हाय आणि प्रोजेक्टरला कुठलं?"

"दोन्ही जोडायचीत ना? मग ह्या बाजूनं काय, त्या बाजूनं काय!"

सत्तरीतही ती प्रमाणपत्रवाली बाई अधूनमधून अंगात येते. घरी आल्यावर कळलं, की त्यानं दिलं ते उलटं. नव्या लॅपटॉपवरून जुन्या प्रोजेक्टरवर न्यायचं. खपतं ते तेच. माझ्या लॅपटॉपच्या भोकात त्याचं कुठलंच टोक बसेना. दुसऱ्या दिवशी परत गेले.

"आलासा व्हय?" दुकानदार हसला. "आज्जी, ही एकेरी वाहतूक हाय. चित्र एका बाजूनंच जातं. तुमच्या लॅपटॉपातनं निघतंय ते जुन्या पद्धतीचं, ते नव्या पद्धतीत बदलाय लागतंय. म्हणून ह्या डबीला ही शेपूट. ती यूएसबीत खुपसायची, मग हिला वीज मिळती. शेपूट इसरू नगासा."

"शेपटाचं मला सांगू नकोस, म्हशी पाळल्यात आम्ही," असं म्हणून मी डबी घेऊन आले.

शाळेत नात बरोबर आली. वर्ग तोच, पण फळा पांढरा, पंखे नवे, बाकं नवी. मुली उठून एका सुरात नमस्ते म्हणाल्या. मी ऑपरेशनचा चेहरा केला. डबी निळ्या भोकात, स्क्रू पिळले, छतावरून आलेली वायर डबीत. मागं भिंतीवर निळी चौकट. सिग्नल नाही.

मी स्क्रू पुन्हा पिळले. नात कानाशी आली. "आज्जी. शेपूट."

खुपसली शेपूट. भिंत उजळली.

या वेळी लांबचा चष्मा डोळ्यावर होता. वळून पाहिलं तर लॅपटॉपवर जे, तेच भिंतीवर. मालक आले होते, पण त्यांच्या कपाळावर कचऱ्याच्या डब्याचं चित्र, सदऱ्यावर धड्यांची फोल्डरं, खाली पायावर बटणांची पट्टी. मुली कुजबुजल्या.

"आलं की, आज्जी! आता दोन्हीकडं सेम आहे. कर सुरू."

"सेम नको. खोली वाढव."

"काय?"

"सरक." मीच खिडकीचं चित्र असलेलं बटण आणि पी एकत्र दाबलं. चार चित्रं आली. नुसता लॅपटॉप, दोन्हीकडं तेच, लांबवलेलं, नुसता प्रोजेक्टर. तिसऱ्यावर गेले. एकदा सगळं काळं झालं, लुकलुकलं, आणि मग फोल्डरं, कचऱ्याचा डबा, पट्टी, सगळं लॅपटॉपवर राहिलं. भिंतीवर काही नाही. नुसते ते. दोन्ही कडांना काळे पट्टे, कारण जुना लॅपटॉप चौकोनी आणि नवा पडदा आडवा. पण पट्ट्यांच्या मधे जमिनीपासून पंख्यापर्यंत मालक.

मी मुलींकडं पाठ केली. प्रशिक्षणात काय सांगितलं होतं ते सांगणारे आता असतील नसतील, पाठ केली ती केली.

सदऱ्याचं मधलं बटण मी घाईत तांबड्या दोऱ्यानं शिवलं होतं, ते दिसत होतं. कानामागं शेणाचा एक शिंतोडा. आणि ते कॅमेऱ्याकडं बघतच नव्हते. तळहाताएवढ्या पडद्यावर हे कधी कळलं नव्हतं. नजर थोडी बाजूला होती. त्या रविवारी बांधाखाली मी उभी होते. फोटो काय काढत बसलात, जेवण गार होतंय, म्हणून ओरडत होते. ते माझ्याकडं बघून हसत होते. आणि भिंतीवर ती नजर बरोबर तिथं येत होती जिथं शिकवणारी बाई उभी राहते. हेच त्या दिवशी त्यांना शेवटच्या बाकावरून दिसलं असणार, रुमाल तोंडावर धरला होता तेव्हा.

"बाई?" मागून एक मुलगी म्हणाली. "हे कोण?"

"हे कोल्हापूर," मी म्हणाले, आणि छडी घेतली.

तास झाला. नद्यांची नावं आता सटकतात, ती मी लॅपटॉपवरच्या नकाशात बघून घेत होते. पाणी म्हशीच्या कण्यावरून दोन्हीकडं निथळत होतं. मुख्याध्यापिका पहिल्या बाकावर एका मुलीला सरकवून बसली होती. शेवटच्या बाकावर मी मुद्दाम बघितलं नाही.

घंटा झाली. एका चुणचुणीत मुलीनं रिमोट उचलला. "बाई, बंद करू? दिवा जळतो म्हणतात."

"जळू दे," मी म्हणाले आणि पहिल्या बाकावर मुख्याध्यापिकेशेजारी जाऊन बसले. "माझं अजून बघून झालं नाही."